भिंतीला फोम चिकटवून तबला थांबत नाही

घरात कुणी तबला किंवा पेटी मनापासून शिकायला लागलं, की फ्लॅटमध्ये ‘एक खोली साउंडप्रूफ करून घेऊ’ हा विषय निघतोच. त्यापाठोपाठ येतो तो काळा, टोकदार उंचवट्यांचा फोम. स्टुडिओच्या फोटोंमध्ये तो दिसतो, बाजारात सहज मिळतो आणि दुहेरी टेपने एका दुपारी भिंतीला लागतोही. लावल्यावर खोलीतला आवाज खरंच बदललेला जाणवतो. पण शेजारी राहणाऱ्यांना मात्र पूर्वीइतकाच तबला ऐकू येतो. फोम, मिनरल वूल आणि कॉर्क हे तिन्ही पदार्थ दुकानात एकाच नावाखाली विकले जातात. त्यांची कामं मात्र वेगळी आहेत आणि आवाज बाहेर जाऊ न देणं हे त्यातल्या एकाचंही एकट्याचं काम नाही.

हे नीट समजायला एक खोली डोळ्यांसमोर ठेवू. दहा बाय दहा फूट, उंची साडेनऊ फूट, एखाद्या सोसायटीतल्या मधल्या मजल्यावरची. एक भिंत शेजाऱ्यांच्या बेडरूमला सामाईक, चार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली. बाहेरच्या भिंतीत ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, पॅसेजकडे उघडणारं साधं फ्लश डोअर, खाली दुसऱ्या कुटुंबाचं घर. या खोलीत रोज संध्याकाळी तबल्याचा रियाज चालतो.

जोरकस वाजवताना वादकाच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. चार इंची भिंत त्यातले ४० ते ४५ डेसिबल अडवते. म्हणजे पलीकडच्या बेडरूममध्ये ४५-५० उरतात. रात्रीच्या शांत बेडरूमची स्वतःची पातळी ३०-३५ असते, त्यामुळे बोल न् बोल कळतो. कायद्याच्या बाजूने पाहिलं, तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण शेजारधर्माचं माप त्याहून कडक असतं, ते कुणाच्या झोपेवर ठरतं. आपल्याला साधारण १५ डेसिबल आणखी कमी करायचे आहेत. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे ही मागणी लहान नाही.

आता फोमचा हिशेब. आपल्या चार इंची भिंतीचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे २२० किलो भरतो. दोन इंच जाडीच्या फोमचा तेवढाच तुकडा दीड किलो भरतो. हवेतून येणारा आवाज भिंतीला हलवतो आणि हललेली भिंत पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते. वजन दुप्पट केलं, तर जेमतेम पाच-सहा डेसिबलचा फायदा मिळतो. मग २२० किलोंवर दीड किलो चढवून काय होणार? शिवाय फोमची छिद्रं एकमेकांत उघडणारी असतात, त्यातून आपण फुंकर घालू शकतो. जिथून फुंकर जाते तिथून आवाजही जातो.

तरीही फोम लावल्यावर खोली ‘शांत’ झाल्यासारखी वाटते, तो भास नाही. उघड्या भिंतींवरून परत येणारा आवाज फोम शोषून घेतो, घुमणं कमी होतं, टाळी वाजवली तर मागचा खणखणाट ऐकू येत नाही. खोलीच्या आतला घुमणारा आवाज यामुळे थोडा उतरतोही, पण शेजाऱ्यांच्या हिशेबात तो फरक दोन-तीन डेसिबलपलीकडे जात नाही. आणि हे शोषणही सरसकट नसतं. पातळ फोम वरच्या पट्टीतले, म्हणजे चाटेचा ‘ना’ किंवा ‘तिरकिट’मधले कुरकुरीत आवाज पटकन खातो. डग्ग्याची घूम मात्र तशीच सोडतो. डग्ग्याचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या खाली असतो आणि ८५ हर्ट्झच्या लहरीची लांबी चार मीटर, म्हणजे आपल्या खोलीपेक्षाही जास्त. दोन इंचांचा स्पंज तिला जाणवतही नाही. त्यामुळे चारही भिंती फोमने मढवल्या की खोली एकीकडे मेलेली आणि दुसरीकडे घुमी होते. तबलजीला शाईवरचा नाद कळत नाही. गाणाऱ्याला तानपुऱ्याची झार ऐकू येत नाही, म्हणून तो नकळत गळ्यावर जोर देतो. रोजच्या रियाजासाठी ही खोली मला नुकसानकारक वाटते.

फोमबद्दलचा दुसरा आक्षेप जिवाचा आहे. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉरविक इथल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा आवाजासाठी लावलेला फोम पेटला आणि १०० माणसं गेली. २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलच्या सांता मारियातल्या ‘किस’ नाइटक्लबमध्ये छताचा फोम पेटून २४२ जण दगावले. पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. आपल्या खोलीत आतषबाजी नसते, पण एक्स्टेन्शन बोर्ड, ॲम्प्लिफायर, चार्जर आणि एकच दार असतं. ‘फायर रिटार्डंट’ असं तोंडी सांगून विकलेला फोम प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय घरात आणू नये.

मग मिनरल वूल. यात दोन भावंडं: काच वितळवून काढलेलं ग्लासवूल आणि बेसाल्टसारखा दगड व भट्टीची मळी वितळवून काढलेलं रॉकवूल. रॉकवूल हजार अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही, म्हणून आगीच्या बाबतीत ते फोमच्या अगदी उलट टोकाला आहे. पण भिंतीवर नुसतं चिकटवलं, तर तेही आवाज अडवत नाही. त्याचं वजनही थोडंच आणि त्याच्यातूनही फुंकर जाते. त्याची खरी जागा दोन जड थरांच्या मधल्या पोकळीत आहे.

सामाईक भिंतीवर हे काम असं होतं. भिंतीपासून इंचभर सुटी अशी जीआय चॅनलची स्वतंत्र फ्रेम जमीन आणि छत यांच्यामध्ये उभी करायची. मूळ भिंतीत तिचा एकही स्क्रू जाऊ द्यायचा नाही. जमिनीच्या आणि छताच्या चॅनलखाली रबराची किंवा कॉर्कची पट्टी घालायची. दोन इंची चॅनलच्या खणांत दोन इंची रॉकवूलच्या पाट्या न दाबता, पण फट न ठेवता बसवायच्या. वरून साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड दोन थरांत, पहिल्या थराचे सांधे दुसऱ्या थराखाली झाकले जातील असे मारायचे. कडेला चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून ती न सुकणाऱ्या, लवचीक सीलंटने भरायची. पीओपीने भरली तर ती कडक होते आणि थरथर तिथून पुढे जाते. या सगळ्याला खोलीची चार इंच रुंदी जाते.

यात आवाज अडवणारी जोडी म्हणजे जुनी जड भिंत आणि नवे बोर्ड. मधली हवा स्प्रिंगचं काम करते आणि रॉकवूल त्या हवेतली आंदोलनं जिरवतं. वजनावर स्प्रिंग असली की तिला स्वतःची एक झुलण्याची गती असते. त्या गतीच्या आसपास ही रचना निकामी ठरते, तिच्या बरीच वर गेली की उत्तम काम करते. दोन बोर्डांचे मिळून चौरस मीटरला १८ किलो आणि तीन इंच पोकळी धरली, तर ही गती ५० हर्ट्झच्या जवळ येते. डग्गा तिच्या वर आहे, तबला तर फारच वर. काळी एकच्या तबल्याचा स्वर २७५ हर्ट्झच्या आसपास असतो. नीट केलेल्या अशा अस्तराने १० ते १५ डेसिबलची भर पडते, तबल्याला जास्त आणि डग्ग्याला कमी.

सुताराकडून होणारी नेहमीची चूक इथेच कळते. भिंतीवर पाऊण इंची लाकडी पट्ट्या ठोकायच्या, मध्ये फोम भरायचा आणि वर बारा मिलिमीटरचं प्लाय मारायचं, याला आपल्याकडे ‘साउंडप्रूफ पॅनेलिंग’ म्हणतात. प्लाय हलकं, पोकळी अरुंद, त्यामुळे तीच झुलण्याची गती दीडशे हर्ट्झपर्यंत चढते. त्या पट्टीत ही भिंत मूळ भिंतीपेक्षाही जास्त आवाज सोडू शकते. पट्ट्या भिंतीत ठोकलेल्या असल्याने थरथरही सरळ पलीकडे पोचते. खर्च होतो, खोली देखणी दिसते आणि शेजारी सांगतात की घूम वाढली.

आणखी एक गैरसमज घनतेचा. ‘जितकं घट्ट तितकं चांगलं’ असं सांगून ९६ किलो घनतेचं रॉकवूल गळ्यात मारलं जातं. पोकळीसाठी ४८ किलो घनमीटर पुरेसं असतं. फार घट्ट पाटी दोन्ही थरांना चिकटून बसली, तर ती स्वतःच थरथर पोचवणारा पूल होते. वजन बोर्डांत वाढवा, लोकरीत नको.

वजनाचंच म्हणाल, तर हे सगळं अस्तर फ्रेम धरून २०० किलोंच्या आत बसतं. त्याऐवजी दुसरी चार इंची विटांची भिंत बांधायची म्हटली, तर ती दोन टनांच्या जवळ जाते आणि ती मधल्याच स्लॅबवर उभी राहणार. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय तसा विचारही करू नये.

रॉकवूलचे तोटेही आहेत. कापताना बारीक तंतू उडतात, अंगाला खाज सुटते, घसा खवखवतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच. कॅन्सरची भीती अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये इन्सुलेशनच्या रॉकवूलला आणि ग्लासवूलला ‘कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात ठेवलं. एकदा बोर्डांमागे बंद झालं की तंतू खोलीत येत नाहीत. खरा शत्रू ओल आहे. मुंबई-कोकणच्या पावसात पाझरणाऱ्या भिंतीवर हे अस्तर चढवलं, तर आत बुरशी माजते आणि ती दिसतही नाही. भिंत एक पावसाळा कोरडी राहिली आहे हे पाहूनच काम सुरू करावं.

कॉर्कची गोष्ट वेगळी. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या एका ओक वृक्षाची ही साल. जगातला जवळपास निम्मा माल पोर्तुगालमधून येतो. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल सोलून घेतात. आपल्याकडच्या पांढऱ्या सुवासिक फुलांच्या बुचाच्या झाडाशी तिचा संबंध नाही. कॉर्कमध्ये हवेने भरलेल्या अगणित बारीक पेशी असतात, पण त्या बंद असतात. फोममध्ये हवा आत शिरून घर्षणाने थकते, कॉर्कमध्ये तिला शिरायला वाटच नाही. त्यामुळे सूचनाफलकाला लावतात तशी तीन-पाच मिलिमीटरची कॉर्क भिंतीवर लावून ना घूम कमी होते, ना शेजाऱ्यांचा त्रास. हलकी असल्याने वजनाचाही फायदा नाही. भिंतीसाठी कॉर्क घेणं म्हणजे शोभेसाठी घेणं. ती दिसते सुंदर, हे मान्य.

तिची जागा पायाखाली आहे. त्या बंद पेशी दाबल्या जातात आणि पुन्हा फुगतात, वर्षानुवर्षं, न बसता. लाकडी फ्लोअरिंगखाली सहा मिलिमीटर कॉर्क असली, तर पावलाचा, पेडलचा, खुर्ची सरकवल्याचा ‘ठक’ खाली बराच बोथट होऊन पोचतो. कथकचा सराव, ड्रमचं पेडल, पियानोचे पाय, ताल धरणारी टाच यांच्यासाठी ती कामाची. तबला तर आधीच चुंबळीवर आणि सतरंजीवर बसलेला असतो, त्याचा जमिनीत जाणारा धक्का मुळातच कमी. तबलजीने कॉर्कवर मोठा खर्च करावा असं मी म्हणणार नाही.

कॉर्क लावण्यातही एक मेख आहे. स्प्रिंगवर पुरेसं वजन पडलं नाही, तर ती दबत नाही आणि दबली नाही तर ती दगडासारखीच वागते. चार बाय चार फुटांच्या प्लायखाली अखंड कॉर्क अंथरली, तर माणूस आणि वाद्य मिळून तिच्यावर पडणारा भार फारच पसरतो. त्याऐवजी अठरा मिलिमीटर प्लायचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे स्क्रूने जोडून, खाली फूटभर अंतरावर दोन-दोन इंचांचे रबर-कॉर्कचे चौकोन ठेवले, तर भार मोजक्या जागी येतो आणि चौकोन खरोखर दबतात. हा मंच भिंतीला कुठेही टेकता कामा नये.

हे सगळं करण्याआधी दाराकडे पाहावं लागतं. आपलं दार अडीच फूट रुंद, सात फूट उंच आणि खाली अर्धा इंच फट. ही फट दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त भरते. तेवढ्या फटीमुळे, दार कितीही जाड सागवानी असलं तरी, ते २२-२३ डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. भरीव फ्लश डोअर, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी गॅस्केट आणि खाली दार मिटताच उतरणारी सील पट्टी, या तीन गोष्टी कुठल्याही फोमपेक्षा जास्त देतात. सरकत्या खिडकीचं तेच. तिच्या ट्रॅकमध्ये हवा खेळण्याइतकी जागा असते. गॅस्केट असलेली, बाहेर उघडणारी खिडकी किंवा जुन्या खिडकीच्या आत चार इंच अंतरावर जाड लॅमिनेटेड काचेची दुसरी खिडकी हा उपाय आहे. फटी शोधायला रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून अंधारात पाहावं, किंवा दिवसा उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवावी. धूर जिथे वळतो तिथून आवाज जातो.

एवढं बंद केल्यावर श्वासाचं काय, हा प्रश्न उरतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. पाऊण तासाने दार उघडून दहा मिनिटं थांबणं हा सोपा मार्ग. जास्त वेळ बसायचं असेल, तर आतून ग्लासवूलचं अस्तर दिलेला, दोन वळणांचा पेटीसारखा हवामार्ग छोट्या पंख्यासह करावा लागतो. हवा वळते, आवाज बराचसा आतच जिरतो.

आता आपल्या खोलीत क्रम कसा लावायचा? आधी दार आणि खिडकी. मग सामाईक भिंतीवर रॉकवूल आणि दोन बोर्डांचं अस्तर. बाकीच्या भिंती बाहेरच्या किंवा आपल्याच घरातल्या असल्याने त्यांना हात लावायचं कारण नाही. वरच्या-खालच्या घरांच्या मध्ये काँक्रीटचा स्लॅब आहे, तो विटांच्या भिंतीपेक्षा मुळातच जास्त अडवतो. शेवटी खोलीच्या आतला घुमारा, आणि त्यासाठीही फोमची गरज उरत नाही. दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटीत दोन इंची रॉकवूल भरून, मागे पातळ न विणलेलं कापड आणि पुढे सुती कापड ताणून, भिंतीपासून दोन इंच सुट्या अशा तीन-चार चौकटी टांगल्या की फोमपेक्षा खालपर्यंतचा आवाज शोषला जातो. चौथी-पाचवी चौकट कोपऱ्यात तिरकी लावली, तर डग्ग्याची घूमही थोडी आवरते. एकूण भिंतींचा पाचवा हिस्सा झाकला की थांबावं, म्हणजे नाद जिवंत राहतो.

काम झाल्यावर काय उरलं हे शेजारच्या खोलीत जाऊन ऐकावं. बोल स्पष्ट कळत असतील, ‘तिरकिट’ची अक्षरं वेगळी ऐकू येत असतील, तर कुठेतरी फट आहे. अक्षरं नाहीत, पण दबकी घूम येतेय, तर ती अस्तराच्या मर्यादेची किंवा स्लॅब-बीममधून वळसा घालून आलेली घूम आहे. ती थोपवायला आणखी लोकर भरून उपयोग नाही. खालच्या घरात फक्त ठक-ठक ऐकू येत असेल, तर प्रश्न जमिनीचा आहे आणि तिथे कॉर्क कामाची. या काँक्रीटच्या वळशामुळेच ड्रम सेट किंवा मोठा बेस ॲम्प्लिफायर असेल, तर एका भिंतीच्या अस्तराने भागत नाही. तिथे तरंगती जमीन, सुट्या भिंती आणि सुटं छत अशी खोलीच्या आत खोली उभारावी लागते आणि बहुतेक फ्लॅटमध्ये तिला ना जागा असते, ना ती बांधणं परवडतं.

म्हणून एक विनंती: काहीही विकत घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या बेडरूममध्ये दहा मिनिटं बसा, आणि घरातल्या कुणाला नेहमीच्या जोराने वाजवायला सांगा. पैसे दारावर घालायचे, भिंतीवर की जमिनीवर, हे तिथे बसूनच कळेल.